लपवलेल्या ईमेलवर उघडलेलं खातं परत कसं मिळवायचं: ॲपलच्या साइन-इनमागचा इनबॉक्स शोधण्यापासून पुढे

ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा `Sign in with Apple` दाबलं, पुढच्या पडद्यावर `Hide My Email` निवडलं आणि विसरून गेलात. दोन वर्षांनी फोन बदलला, ॲप पुन्हा टाकलं आणि ते विचारतं, ईमेल काय? तुम्ही जीमेलचा पत्ता टाकता. ॲप म्हणतं, असं खातं नाही. किंवा 'रीसेटची लिंक पाठवली आहे' म्हणतं आणि मेल काही येत नाही.

मेल येणारच नाही, कारण त्या ॲपला तुमचा जीमेल पत्ता कधी कळलाच नव्हता. ॲपलने त्याला एक बनवलेला पत्ता दिला होता, साधारण असा:

```
k7x2m9q4wd@privaterelay.appleid.com
```

या पत्त्यावर आलेला मेल ॲपल तुमच्या खऱ्या इनबॉक्सकडे ढकलतं. पण तुमचं त्या ॲपमधलं खातं बांधलेलं असतं ते ॲपल खात्याशी, इनबॉक्सशी नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी ॲपल खातं कोणतं ते ठरवा, मग लपवलेला पत्ता शोधा, मग तो कुठे पोचतो ते पाहा आणि शेवटी ॲपच्या लॉगिनला हात लावा. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि वाटेत दोन-तीन रिकामी खाती तयार करून ठेवतात.

## सुरू करण्याआधी

हाताशी काय हवं: जुना आयफोन किंवा आयपॅड अजून घरात असेल तर तो चार्ज करून ठेवा, रीसेट केलेला नसेल तर निम्मं काम तिथेच होतं. ॲपल खात्याशी जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, कारण या साइन-इनला दोन टप्प्यांची पडताळणी लागतेच आणि दुसरं उपकरण नसेल तर कोड एसएमएसने त्या नंबरवर येतो. आणि एक वही घ्या. सापडलेले पत्ते अक्षर न अक्षर उतरवून ठेवावे लागतील.

तीन गोष्टी आत्ता करू नका:

- ॲपमध्ये 'गूगलने लॉगिन' दाबून बघू नका. बहुतेक ॲप त्यातून नवं, रिकामं खातं उघडतात.
- ॲपलच्या यादीतून ते ॲप काढून टाकू नका. `Stop Using` किंवा `Delete` दाबलं की जोडणी तुटते, त्याची सूचना ॲपवाल्यांकडे जाऊ शकते आणि काही ॲप ती मिळाल्यावर खातंच बंद करतात.
- जुना आयफोन विकायचा असेल तर हे काम पुरं होईपर्यंत थांबा.

## टप्पा १: ॲपल खातं कोणतं, ते ठरवा

आपल्याकडे घोळ इथेच जास्त होतो. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने काउंटरवरच ॲपल खातं उघडून दिलं, त्यात कोणता ईमेल टाकला ते मालकाला माहीत नाही. नंतर मुलाने घरी दुसरं खातं काढलं. कधी आयक्लाउड एका खात्यावर असतं आणि ॲप स्टोअरची खरेदी दुसऱ्या खात्यावर. कुटुंबात फॅमिली शेअरिंग असलं तरी प्रत्येकाचं ॲपल खातं वेगळं असतं, त्यामुळे पत्नीच्या फोनवरची यादी पाहून पतीचं ॲप सापडत नाही.

जुना फोन असेल तर `Settings` उघडा आणि सगळ्यात वर तुमचं नाव दिसतं तिथे टॅप करा. नावाखाली जो ईमेल किंवा नंबर आहे ते आयक्लाउडचं खातं. आयफोनवर `Sign in with Apple` दाबल्यावर हेच वापरलं जातं. त्याच पानावर `Media & Purchases` मध्ये वेगळा पत्ता दिसला तर तोही लिहून घ्या, पण साइन-इनसाठी पहिलाच धरायचा. दुसरा पुढे पावती शोधताना कामी येईल.

फोन हाताशी नसेल तर तुमच्या सगळ्या जुन्या इनबॉक्सांत, रेडिफमेल आणि याहूसकट, `no_reply@email.apple.com` हा पाठवणारा शोधा. ॲपलच्या पावत्या या पत्त्यावरून येतात. ज्या इनबॉक्समध्ये त्या सापडतील, तो पत्ता तुमच्या एखाद्या ॲपल खात्याशी जोडलेला आहे. पासवर्ड आठवत नसेल तर `iforgot.apple.com` वर जाऊन त्या पत्त्याने सुरुवात करा.

तपासा: `account.apple.com` वर या खात्याने आत जाता येतंय का? येत असेल तरच पुढे चला. खात्याचं नाव म्हणून लावलेला ईमेल पत्ता बंद पडलेला असला तरी हरकत नाही. पासवर्ड आणि नंबर चालू असेल तर मेलबॉक्स मेलेला असतानाही आत जाता येतं.

## टप्पा २: यादीत ॲप शोधा आणि लपवलेला पत्ता उतरवा

फोनवर `Settings`, मग तुमचं नाव, मग `Sign in with Apple`. जुन्या आवृत्तीत हीच यादी `Password & Security` मध्ये `Apps Using Apple ID` नावाने आहे. फोन नसेल तर `account.apple.com` वर `Sign-In and Security` मध्ये `Sign in with Apple` उघडा. ज्या-ज्या ॲपमध्ये तुम्ही हे बटण वापरलंत ती सगळी तिथे दिसतील.

ॲपच्या नावावर टॅप केलं की त्या ॲपला दिलेला पत्ता दिसतो. तो कॉपी करून स्वतःला मेल करा आणि वहीतही लिहा. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत होऊ देऊ नका.

यादीत ॲप नसेल तर तीन शक्यता. पहिली आणि सगळ्यात जास्त आढळणारी: हे खातं चुकीचं आहे, टप्पा १ वर परत जा आणि दुसरं ॲपल खातं तपासा. दुसरी: ॲपचं नाव बदललंय किंवा यादीत कंपनीचं नाव आहे, म्हणून यादी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचा. तिसरी: तुम्ही हे बटण वापरलंच नव्हतं.

या तिसऱ्या शक्यतेबद्दल थोडं सविस्तर, कारण `Hide My Email` याच नावाची दुसरी सोय आयक्लाउड प्लस या ॲपलच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेत आहे. तिथे बनणारा पत्ता `@icloud.com` ने संपतो आणि त्यातला @ च्या आधीचा भाग असंबद्ध शब्दांचा असतो. एखाद्या साइटवर फॉर्म भरताना फोनने तो सुचवला आणि तुम्ही स्वीकारला असेल, तर खातं साध्या ईमेल-पासवर्डचं आहे. तिथे ॲपलचं बटण दाबून काही मिळणार नाही. असे पत्ते `Settings`, नाव, `iCloud`, `Hide My Email` इथे मिळतात. बंद केलेले पत्ते त्याच पानावर निष्क्रिय यादीत असतात आणि पुन्हा चालू करता येतात. तुमचा पत्ता या जातीचा निघाला तर टप्पा ४ वगळा, टप्पा ३ नंतर थेट टप्पा ५ वर जा.

## टप्पा ३: मेल नक्की कुठे पोचतोय?

लपवलेला पत्ता मिळाला, पण त्यावरचा मेल कोणत्या इनबॉक्समध्ये पडतो हे अजून कळलेलं नाही. ते `Hide My Email` च्या पानावर `Forward To` या ओळीत दिसतं. तिथला पत्ता वाचा आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, हा मेलबॉक्स मी आज उघडू शकतो का? कॉलेजने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद होतो, ऑफिसचा नोकरी सोडल्यावर. ॲपल मात्र मेल तिकडेच पाठवत राहतं.

पत्ता मेलेला असेल तर `Forward To` वर टॅप करून चालू असलेला निवडा. यादीत फक्त तुमच्या ॲपल खात्याला जोडलेले पत्ते येतात. हवा तो नसेल तर आधी खात्यात नवा ईमेल जोडा, त्यावर आलेला कोड टाका, मग परत या पानावर या.

सावधान: पत्ता बदलल्याने जुने मेल येत नाहीत. मेल पुढे ढकलणारी ॲपलची यंत्रणा, म्हणजे रिले, मेल पोचवल्यावर तो स्वतःकडे ठेवत नाही. गेल्या आठवड्यात मागवलेली रीसेट लिंक गेली ती गेली, नवी मागवावी लागेल.

आता त्या ॲपचं स्वतःचं पान पुन्हा उघडा आणि मेल पुढे पाठवण्याचं बटण चालू आहे ना ते पाहा. जाहिरातींचा कंटाळा येऊन आपणच ते कधीतरी बंद केलेलं असतं. ते बंद असेल तर `Forward To` कितीही बरोबर असला तरी या एका ॲपचा मेल येणार नाही.

मग इनबॉक्समध्ये शोध घ्या. जीमेलमध्ये हे टाका:

```
in:anywhere "privaterelay.appleid.com"
```

`in:anywhere` लावल्यामुळे स्पॅम आणि ट्रॅशही धुंडाळले जातात. मात्र त्या दोन्हींतला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो. ॲपचा एखादा जुना मेल सापडला तर तो हलवू नका, तारांकित करून ठेवा. टप्पा ६ मध्ये त्याची किंमत कळेल.

## टप्पा ४: आता लॉगिन, त्याच बटणाने

ॲप उघडा, ईमेलच्या रकान्यात काहीही न टाकता `Sign in with Apple` दाबा. आयफोनवर तो फोन टप्पा १ मध्ये ठरलेल्याच खात्यावर आहे याची खात्री करून घ्या. अँड्रॉइडवरच्या ॲपमध्ये हे बटण नसेल तर त्याच सेवेची वेबसाइट क्रोममध्ये उघडून पाहा, तिथे अनेकदा असतं. वेबवर ॲपल खात्याचा पत्ता, पासवर्ड आणि कोड मागितला जाईल.

इथे एक गोष्ट नीट पाहायची आहे, घाईत सगळे ती चुकवतात. बटण दाबल्यावर येणारा ॲपलचा पडदा दोन प्रकारचा असतो. जोडणी आधीपासून असेल तर तो फक्त या ॲपमध्ये साइन-इन करायचं का एवढंच विचारतो. जोडणी नसेल तर खातं *तयार करण्याची* भाषा असते, तुमचं नाव दिसतं आणि खाली `Share My Email` व `Hide My Email` असे दोन पर्याय येतात.

थांबा: हे दोन पर्याय दिसले तर `Continue` दाबू नका. याचा अर्थ या ॲपल खात्याची या ॲपशी जोडणी नाही. पुढे गेलात तर रिकामं खातं बनेल. रद्द करा आणि टप्पा १ वर जा.

## टप्पा ५: बटण नाहीच, तेव्हा रीसेटची वाट

काही सेवांनी अँड्रॉइडवर किंवा वेबवर हे बटण ठेवलेलंच नाही. तेव्हा त्यांच्या 'पासवर्ड विसरलात' पानावर जीमेलचा नाही, तर वहीत लिहिलेला लपवलेला पत्ता टाका. ॲपच्या नोंदींत तोच तुमचा ईमेल आहे, म्हणून रीसेटचा मेल त्या पत्त्यावर निघतो आणि टप्पा ३ मध्ये दुरुस्त केलेल्या इनबॉक्समध्ये येतो.

एक उदाहरण पूर्ण चालवून पाहू. साताऱ्यातल्या एक ताई आयफोनवर घरखर्चाच्या नोंदींचं ॲप वापरत होत्या, नंतर अँड्रॉइड घेतला. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये फक्त ईमेल आणि गूगल असे दोन मार्ग. जीमेल टाकून रीसेट मागवलं, काही आलं नाही. गूगलने आत गेल्या तर एकही नोंद नाही. ते नवं खातं होतं, म्हणून त्यांनी बाहेर पडायचं आणि त्यात काहीच भरायचं नाही. जुना आयफोन मुलीकडे गेला होता, पण नंबर तोच, म्हणून `account.apple.com` वर एसएमएसच्या कोडने आत जाता आलं. यादीत ॲप होतं, शेजारी लपवलेला पत्ता. `Forward To` मध्ये बी.एड.च्या कॉलेजचा बंद झालेला ईमेल निघाला. तो मुलीच्या हातातल्या फोनवरून बदलता येणार नव्हता, कारण त्या फोनवर आता मुलीचं खातं होतं. म्हणून ताईंनी नातेवाइकाच्या आयपॅडवर, तो काही मिनिटं मोकळा करून, स्वतःच्या खात्याने साइन-इन केलं, जीमेल जोडलं आणि `Forward To` तिकडे वळवलं. मग अँड्रॉइडवर रीसेटच्या रकान्यात लपवलेला पत्ता टाकला. मेल स्पॅममध्ये पडला होता, पण आला. नवा पासवर्ड, आणि सगळ्या नोंदी जागेवर.

दुसऱ्याच्या उपकरणावर असं करताना काम झालं की लगेच साइन-आउट करा आणि तुमचे संपर्क किंवा फोटो त्या उपकरणावर ठेवू नका, विचारलं तर 'नको' म्हणा.

मेल पंधरा-वीस मिनिटांत आला नाही तर पुन्हा पुन्हा मागवू नका. काही सेवा ठरावीक प्रयत्नांनंतर अडवतात, शिवाय नवी लिंक मागवली की जुनी सहसा निकामी होते, आणि मग उशिरा आलेली पहिली लिंक दाबून माणूस वैतागतो.

## टप्पा ६: ॲपच्या मदत विभागाला लिहिताना

इथे एक तांत्रिक अडचण आहे, ती माहीत नसल्याने दोन्ही बाजू एकमेकांना दोष देत बसतात. ॲपलचा रिले कुणाचाही मेल पुढे नेत नाही. ॲपवाल्यांनी ॲपलकडे जे डोमेन किंवा पत्ते नोंदवले आहेत, तिथून आलेलाच मेल पुढे जातो, बाकीचा परत फिरतो. मदत विभाग वेगळ्या हेल्पडेस्क सेवेवरून उत्तर देत असेल आणि ते डोमेन नोंदवलेलं नसेल, तर त्यांनी लपवलेल्या पत्त्यावर पाठवलेलं उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही. तुमच्या मते त्यांनी दखल घेतली नाही, त्यांच्या मते तुम्ही गप्प बसलात. म्हणून उत्तर तुमच्या साध्या पत्त्यावर मागा आणि लपवलेला पत्ता फक्त ओळख म्हणून द्या.

मग मालकी सिद्ध कशी करायची? टप्पा ३ मध्ये जपून ठेवलेला ॲपचा जुना मेल उघडा आणि त्यालाच `Reply` करा. असं उत्तर रिलेमधूनच मागे जातं आणि त्यांना ते लपवलेल्या पत्त्यावरून आलेलं दिसतं. 'उत्तर देऊ नका' अशा पत्त्यावरून तो मेल आला असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही. पैसे भरलेले असतील तर `reportaproblem.apple.com` वर `Media & Purchases` च्या खात्याने जाऊन पावतीचा ऑर्डर क्रमांक काढा.

पत्र छोटं आणि नेमकं असू द्या:

> माझं खातं `Sign in with Apple` ने उघडलेलं आहे. तुमच्याकडे नोंदलेला ईमेल हा: (लपवलेला पत्ता). त्या पत्त्यावर तुमचे मेल पोचत नसल्याने कृपया उत्तर या पत्त्यावर द्या: (तुमचा पत्ता). खातं अंदाजे अमुक महिन्यात उघडलं, शेवटचा वापर अमुक फोनवर. ऑर्डर क्रमांक: अमुक. नव्या पत्त्याने तयार झालेलं रिकामं खातं कृपया विलीन करू नका, आधी जुन्याचा ईमेल बदलून द्या.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. रिकामं खातं मूळ धरून विलीन केलं तर जुना डेटा पुसला जाण्याचा धोका असतो.

ॲपलचं खातंच परत मिळत नसेल, नंबर बंद, उपकरण नाही, तर `iforgot.apple.com` वरची पुनर्प्राप्ती करावी लागते आणि त्यात काही दिवस थांबावं लागू शकतं. तोपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी त्या खात्याने आत जायचा प्रयत्न करू नका. ॲपलच्या दुकानातला माणूस कोणता पत्ता कुठे जातो हे तुम्हाला सांगू शकत नाही, त्यासाठी तिथे चकरा मारू नका.

आणखी एक मर्यादा. ॲप दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं की ॲपलच्या पद्धतीप्रमाणे तुमची ओळख आणि लपवलेला पत्ता नव्या मालकासाठी बदलतात. ही बदली ॲपवाल्यांना हस्तांतरानंतर साठ दिवसांत उरकायची असते. ती त्यांच्याकडून राहिली तर तुमच्या हातात सगळं बरोबर असूनही नवं खातं उघडतं. ॲपच्या स्टोअरच्या पानावर कंपनीचं नाव बदललेलं दिसलं तर पत्रात ते सांगा आणि जुना लपवलेला पत्ता द्या, कारण त्यांच्या जुन्या नोंदींत तोच असेल.

## टप्पा ७: आत गेल्यावर, याच क्रमाने

आत पोचलात की लगेच ॲपच्या सेटिंगमध्ये जा. पहिल्यांदा डेटा बाहेर काढण्याची सोय असेल तर एक प्रत उतरवून घ्या. मग खात्याचा ईमेल बदलून तुमचा रोजचा पत्ता टाका. त्याची पडताळणीची लिंक कधी नव्या पत्त्यावर येते, कधी जुन्यावर, म्हणून रिले अजून चालू हवा. त्यानंतर पासवर्ड ठेवा, किंवा दुसरी लॉगिन पद्धत जोडा.

आता लॉग-आउट करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये नव्या पद्धतीने एकदा आत जाऊन बघा. आधीचा सगळा डेटा तिथे दिसला, तरच ते चुकून बनलेलं रिकामं खातं बंद करा. बंद करण्याआधी त्याचा ईमेल दोनदा वाचा, दोन्ही खात्यांची पानं हुबेहूब सारखी दिसतात. ॲपलच्या यादीतली जोडणी राहू दिली तरी काही बिघडत नाही. काढायचीच असेल तर सगळ्यात शेवटी काढा.